एम८७ च्या फोटोतलं काळं वर्तुळ ही कृष्णविवराची कडा नाही? मग ते काय आहे?

नाना_वाईकर (धागाकर्ता)

२०१९ च्या एप्रिलमध्ये आलेला तो नारिंगी कड्याचा फोटो इथल्या बहुतेकांनी पाहिला असेल. एम८७ दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर. आमच्याकडे त्यावरून वाद पेटलाय आणि तो माझ्याने मिटत नाही, म्हणून इथे टाकतोय.

भाचा अकरावीत आहे. त्याने मांडलेला हिशोब असा. सूर्याएवढं वस्तुमान दाबत दाबत सुमारे ३ किमी त्रिज्येच्या गोळ्यात कोंबलं, की त्यातून प्रकाशसुद्धा बाहेर पडत नाही. वस्तुमान दुप्पट तर त्रिज्या दुप्पट, इतकं सरळ. एम८७ मधल्या धुडाचं वस्तुमान साडेसहा अब्ज सूर्य. म्हणजे त्रिज्या साडेएकोणीस अब्ज किमी, पृथ्वी ते सूर्य अंतराच्या १३० पट. व्यास एकोणचाळीस अब्ज किमी.

ते आपल्यापासून साडेपाच कोटी प्रकाशवर्षं लांब. भागाकार करून त्या गोळ्याची आकाशातली रुंदी काढली. एका विकलेचे दहा लाख तुकडे केले तर तसे साधारण १५ तुकडे. यालाच मायक्रोआर्कसेकंद म्हणतात असं दिसतंय.

पण सगळीकडे छापून आलंय की कड्याचा व्यास ४२ मायक्रोआर्कसेकंद आहे. पावणेतीनपट! शून्य विसरला असता तर दहापट फरक पडला असता. मी दोनदा गणित तपासलं, बरोबर आहे. मग फोटोत जे काळं दिसतं ते नक्की कशाचं?

---

टवाळ

भाच्याला सिव्हिलला घाला. तिथे पावणेतीनपटीला फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतात.

बाकी वाचतोय.

---

कोथरूडचा_अभियंता

सोपं आहे. कडा म्हणजे जिथे मुक्तिवेग प्रकाशाच्या वेगाएवढा होतो ती जागा. तिथून प्रकाश वर फेकला तर थोडा वर जातो, दमतो आणि दगडासारखा परत खाली येतो. म्हणून ते काळं. भाच्याचे ३ किमी याच सूत्रातून येतात, पाठ्यपुस्तकातलं मुक्तिवेगाचं सूत्र घेऊन करून बघा.

आता ४२ चं. फोटोत दिसतो तो भोवती फिरणारा तप्त वायू. हा वायू कडेपर्यंत फिरत जाऊ शकत नाही. कडेच्या तिप्पट अंतराच्या आत स्थिर कक्षाच नसते, तिथून तो थेट आत कोसळतो. म्हणजे तबकडीला मध्ये भोक आणि भोकाचा व्यास कडेच्या तिप्पट. १५ गुणिले ३ बरोबर ४५. दुर्बिणीची चूकभूल धरली तर ४२. मिटला वाद.

---

नाना_वाईकर

वा! हे पटतंय. भाच्याला दाखवतो.

---

सुमनताई

मला एक भीती वाटते, जरा विषयाला सोडून आहे. सूर्य उद्या ३ किमीचा झाला तर आपली पृथ्वी आत खेचली जाईल ना? नातवंडांना काय सांगायचं?

---

टवाळ

ताई, सूर्य तेवढा जड नाही, तो कृष्णविवर होणारच नाही. आणि कोणी जबरदस्तीने केलाच तरी पृथ्वी आहे तिथेच, त्याच कक्षेत फिरत राहील. इतक्या लांबून फक्त वस्तुमान कळतं, आकार नाही. वर्ष ३६५ दिवसांचंच राहील, फक्त थंडी वाजेल. कृष्णविवर व्हॅक्यूम क्लीनरसारखं शोषत नाही, हे एवढं एकच मला येतं म्हणून लिहून घेतलं.

---

निशाचर

अभियंतासाहेबांचा आकडा इतका जवळ आलाय की तो चुकीच्या वाटेने आलाय हे सांगायला जिवावर येतंय. मी रेडिओ दुर्बिणींच्या विदेवर काम करते (त्या फोटोच्या प्रकल्पात नव्हते), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दगडाचं. हे चित्र जॉन मिशेल नावाच्या इंग्रज पाद्र्याने १७८३ साली मांडलं होतं आणि त्यातून तेच ३ किमी येतात हे खरं. पण ते जुळणं योगायोगाचं आहे. मिशेलच्या ताऱ्यावरून प्रकाश निघतो, वर चढतो, मग परततो. म्हणजे त्या ताऱ्याच्या जवळ जाऊन उभं राहिलं तर तारा दिसेल. लांब गेलात तर दिसणार नाही. आइनस्टाइनच्या सिद्धांतातलं कृष्णविवर असं नाही. तिथे कडेच्या आतून सरळ बाहेरच्या दिशेने सोडलेला प्रकाश एक मिलिमीटरसुद्धा वर चढत नाही. कडेच्या आत पाऊल पडलं की "बाहेर" ही दिशाच उरत नाही, प्रत्येक वाट मध्याकडे जाते.

पुराच्या नदीत पोहणाऱ्याचं उदाहरण मला त्यातल्या त्यात बरं वाटतं. पाणी जसजसं पुढे जातं तसा ओढ वाढत जातो. पोहणाऱ्याचा वेग ठरलेला. एका जागी ओढ बरोबर त्याच्या वेगाएवढा होतो. तिथे तो उलट्या दिशेने जीव खाऊन पोहत राहतो आणि जागच्या जागी राहतो. प्रकाशाच्या बाबतीत ती जागा म्हणजे कडा. प्रकाश मंदावलेला नाही आणि दमलेलाही नाही. तिथे जो कोणी पडत असेल त्याच्या शेजारून तो पूर्ण वेगानेच जातो.

आता भाच्याची पावणेतीनपट. गंमत कडेवर नाही, कडेच्या बाहेर आहे.

लांबून एक प्रकाशकिरण येतोय असं समजा. तो सरळ गेला असता तर कृष्णविवराच्या मध्यापासून किती अंतरावरून गेला असता, ते अंतर मोजा. याला त्याचा नेम म्हणू. नेम कडेच्या त्रिज्येच्या दहापट असेल तर किरण जरासा वाकून निघून जातो. पाचपट असेल तर चांगलाच वाकतो. नेम २.६ पटीच्या खाली आला की खेळ संपला. सरळ गेला असता तर तो कडेपासून बराच लांबून गेला असता, पण वाटेत वाकत वाकत आत घुसतो.

हाच विचार उलटा करा. आपल्या डोळ्यातून मागे किरण सोडत चला. ज्यांचा नेम २.६ पटीच्या आत आहे ते सगळे मागे मागे जात कडेवर संपतात, म्हणजे त्या दिशेच्या पल्याडून आपल्याकडे प्रकाश यायला वाटच नाही. आकाशात तेवढी चकती काळी पडते. भाच्याचे १५.५ गुणिले २.६ किती? ४०.

फोटोत दिसते ती ही सावली. कडा तिच्या आत कुठेतरी आहे, पण तिच्याच वाकवलेल्या प्रकाशामुळे आपल्याला तिचा आकार फुगून दिसतो.

---

नाना_वाईकर

४० आणि ४२. आणि अभियंत्यांचे ४५. आता कोणाचं खरं मानायचं? दोन्ही आकडे ४२ च्या आसपासच आहेत की.

---

कोथरूडचा_अभियंता

तेच म्हणतो. फरक पाच-सात टक्क्यांचा. माझं गणित दोन ओळींत होतं.

---

निशाचर

तुमचं गणित पुढे नेलं की मोडतं. भोक कडेच्या तिप्पट आहे हे मान्य केलं, तरी त्या भोकाच्या काठावरचा प्रकाशही आपल्यापर्यंत येताना वाकणार. समोरून पाहिलं तर तो काठ आपल्याला तिप्पट अंतरावर न दिसता साधारण साडेतीन पटीवर दिसतो. मग व्यास ४५ राहत नाही, ५३-५४ होतो. तो ४२ शी जुळत नाही. जिथे प्रकाश वाकतोच तिथे सरळ रेषेचं गणित करून आलेला आकडा जवळ आला तर त्यावर विसंबू नये.

दुसरं म्हणजे तिथला वायू शनीच्या कड्यासारखी पातळ तबकडी नाही. अतितप्त, विरळ, फुगलेला आहे. तो तिप्पट अंतरावर चमकायचा थांबत नाही, आत कोसळतानाही चमकत राहतो. शिवाय कृष्णविवर स्वतःभोवती फिरत असेल तर स्थिर कक्षा कडेच्या आणखी जवळपर्यंत सरकतात, तुमचे "तिप्पट" तिथे लागू नाहीत. सावलीचा आकार मात्र फिरण्याने जेमतेम काही टक्के बदलतो. म्हणून तो भरवशाचा.

४० आणि ४२ मधला फरकही सांगते. ४० हा सावलीच्या रेषेचा निव्वळ हिशोब. ४२ ही उजेडाच्या कड्याची मोजणी, आणि उजेड त्या रेषेच्या जरा बाहेर पसरलेला असतो. किती बाहेर, ते त्यांनी वायूच्या शेकडो संगणकीय नमुन्यांवरून ठरवलं. या पायरीवर शंका घ्यायला जागा आहे, ती मी झाकून ठेवत नाही.

---

मुक्काम_खोडद

आमच्या शेतापासून जीएमआरटीच्या बशा दिसतात. ४५ मीटरची एक अशा ३० आहेत, नारायणगाव परिसरात २५ किमीवर पसरलेल्या. विज्ञान दिनाला आत सोडतात तेव्हा पोरांना घेऊन जातो. तिथे सांगतात की सगळ्या मिळून एक मोठी दुर्बीण होते. मग हा फोटो आपल्याकडे का नाही निघाला? की आपल्याला कोणी विचारलंच नाही?

---

निशाचर

खोडदकर, तुमची दुर्बीण त्याच तत्त्वावर चालते, म्हणून प्रश्न अगदी रास्त आहे. किती बारीक दिसणार हे दोनच गोष्टींवर ठरतं, लहरीची लांबी आणि बशांमधलं सगळ्यात मोठं अंतर. जीएमआरटी मुद्दाम लांब लहरींसाठी बांधलीय. तिची सगळ्यात आखूड लहर सुमारे २१ सेंटिमीटर, अंतर २५ किमी. त्यातून दोनेक विकलांपर्यंतचं बारीक दिसतं. फोटोसाठी लहर घेतली १.३ मिलिमीटरची आणि बशा ठेवल्या हवाई, ॲरिझोना, मेक्सिको, चिली, स्पेन इथे. अंतर जवळजवळ पृथ्वीच्या व्यासाएवढं. त्यातून २०-२५ मायक्रोआर्कसेकंद सुटतात. सत्तर-ऐंशी हजारपट फरक झाला.

आणि लहर आखूड हवी याला आणखी एक कारण आहे. लांब लहरींना तो तप्त वायू पारदर्शक नाही. त्या लहरींत पाहिलं तर बाहेरचं धुकंच दिसतं, आतली सावली झाकलेली राहते.

हवेतली वाफ १.३ मिलिमीटरची लहर खाऊन टाकते, म्हणून या बशा उंच कोरड्या डोंगरांवर. नारायणगावच्या पावसाळ्यात ते जमणार नाही. प्रत्येकाचं काम वेगळं.

---

मुक्काम_खोडद

समजलं. पण बशा इतक्या लांब असतील तर केबल कशी टाकली?

---

निशाचर

टाकलीच नाही. प्रत्येक ठिकाणी अणुघड्याळाच्या ठोक्यासह संकेत हार्ड डिस्कवर नोंदवला आणि डिस्क विमानाने पाठवल्या, एक वाटा अमेरिकेत बोस्टनजवळ, एक जर्मनीत बॉनला. निरीक्षणं एप्रिल २०१७ ची. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तिथला हिवाळा संपून विमानं सुरू होईपर्यंत अडकून पडल्या होत्या. तिथून एम८७ दिसत नाही, पण बाकीच्या मोजण्या जुळवायला ती दुर्बीण लागली.

---

पुराव्यानिशी

सगळे भक्तिभावाने बोलताय म्हणून विचारतो. पाच-सहा ठिकाणच्या बशा म्हणजे पृथ्वीएवढ्या आरशाचा नगण्य भाग. उरलेला भाग संगणकाने "भरला". कडं हवं होतं, कडं मिळालं. जपानच्या एका गटाने २०२२ मध्ये तीच विदा घेऊन वेगळं चित्र काढलं आणि कडं हा पद्धतीचा परिणाम आहे असं लिहिलं. यावर कोणी बोलत नाही.

---

निशाचर

बोलूया की. शंका योग्य जागी आहे. विदा अपुरी असते हे खरं, आणि तिच्यात बसणारी चित्रं एकाहून जास्त निघतात हेही खरं.

त्यांनी काय केलं ते बघा. चार गट केले, एकमेकांशी बोलायची बंदी, पद्धती वेगळ्या. चौघांकडे कडं आलं. मग खोटी विदा बनवली. एकीत कडं, एकीत भरीव चकती, एकीत दोन ठिपके, आणि तीच आज्ञावली त्यांच्यावर चालवली. भरीव चकतीच्या विदेतून चकतीच निघाली, कडं उगवलं नाही.

माझ्यासारखीला चित्रापेक्षा कच्चा संकेत जास्त पटतो. बशांच्या जोड्यांमधलं अंतर वाढवत न्या आणि संकेताचा जोर बघत राहा. धूसर ठिपका असेल तर जोर नुसता घटत जातो. इथे सुमारे साडेचार हजार किमीच्या आसपास तो जवळजवळ तळाला जातो आणि पुढे पुन्हा वाढतो. तीक्ष्ण काठ असलेल्या आकाराची ती खूण, आणि तळ कुठे लागला त्यावरून आकारही कळतो. हे चित्र काढायच्या आधीचं आहे.

जपानी गटाला मूळ गटाने उत्तर दिलं. त्यांच्या पद्धतीत दृष्टिक्षेत्र आणि चुकांची दुरुस्ती यांची निवड कशी अडचणीची आहे, हा त्याचा रोख. वाद पूर्ण मिटलाय असं ते जपानी संशोधक म्हणणार नाहीत. पण २०१८ ची निरीक्षणं वेगळी, ग्रीनलंडची नवी दुर्बीण जोडलेली, आणि २०२४ मध्ये त्यातूनही त्याच व्यासाचं कडं आलं. फक्त त्यातला सगळ्यात तेजस्वी भाग सुमारे ३० अंशांनी सरकलेला. पद्धतीचा दोष असता तर तो भागही तिथेच राहायला हवा होता असं मला वाटतं.

---

पुराव्यानिशी

"मला वाटतं" हे नोंदवून ठेवतो. साडेचार हजार किमीचा मुद्दा मात्र वाचायला हवा, तो माझ्या नजरेत आला नव्हता.

---

रानजाई

कडं खालच्या बाजूला जास्त उजळ का आहे? आणि त्या अवकाशयानाच्या सिनेमात कृष्णविवराच्या मधोमध एक आडवा पट्टा होता, तो इथे नाहीच!

---

निशाचर

वायू प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगाने फिरतो. जो भाग आपल्या दिशेने येतोय त्याचा प्रकाश पुढच्या बाजूला एकवटतो आणि उजळ दिसतो, लांब जाणारा मंद दिसतो. वायूतले गडबडगोंधळ वर्षभरात बदलतात, म्हणून ते ३० अंश.

पट्ट्याचं असं की सिनेमात तबकडीकडे जवळजवळ तिच्या पातळीतून बघितलंय. समोरचा भाग आडवा पट्टा म्हणून दिसतो, आणि मागचा भाग, जो खरं तर झाकला जायला हवा, तो वरून वाकून आलेल्या किरणांमुळे कमानीसारखा वर दिसतो. असं चित्र फ्रान्समध्ये जाँ-पिएर ल्युमिने यांनी १९७९ सालीच संगणकावर आकडे काढून हाताने शाईचे ठिपके देत काढलं होतं. एम८७ कडे आपण जवळजवळ डोक्यावरून बघतो. तिथून निघणारा झोत आपल्या नजरेच्या रेषेशी १७ अंशांच्या आसपास आहे. म्हणून पट्टा नाही, कडं आहे.

---

अकरावी_ब (नानामामाचा भाचा)

मामाच्या फोनवरून नाही, स्वतःच्या आयडीने लिहितोय. 😀

१) नेम २.६ पटीला अगदी बरोबर बसला तर किरणाचं काय होतं? आत जातो का बाहेर?
२) मी कंदील घेऊन कडेच्या जवळ जवळ उतरत गेलो तर बाहेरच्याला काय दिसेल? मी एका व्हिडिओत ऐकलं की मी कडेवर कायमचा गोठलेला दिसेन.

---

निशाचर

पहिला प्रश्न खरा बोचरा आहे. अगदी बरोबर बसला तर किरण कडेच्या दीडपट अंतरावर पोचतो आणि तिथे गोल गोल फिरत राहतो. पण हे फिरणं सुईच्या टोकावर उभं राहण्यासारखं अस्थिर आहे. केसभर आत असेल तर आत जातो, केसभर बाहेर असेल तर अर्धा, एक, दोन फेरे मारून सुटतो. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात हा "केसभर" सुमारे २३ पट वाढतो. म्हणून अर्धा फेरा जास्त मारून आलेल्या किरणांचं कडं आधीच्या प्रतिमेहून २३ पट बारीक, त्यापुढचं त्याच्याहून २३ पट बारीक. एकात एक शिरलेली, सावलीच्या रेषेला चिकटत जाणारी. २०२२ मध्ये एका गटाने यातलं पहिलं बारीक कडं वेगळं काढल्याचा दावा केला, पण तो सगळ्यांना पटलेला नाही. आताच्या बशांना ते दिसणं कठीण वाटतं. काही जण त्यासाठी अवकाशात दुर्बीण पाठवायचं म्हणतायत.

आता कंदील. तू दोरीला लटकून एकेका उंचीवर थांबतोस असं धरू. दीडपट अंतरावर कंदिलाचा बरोबर अर्धा प्रकाश सुटतो, अर्धा आत जातो. तिथून आडवा सोडलेला किरण तुझ्या डोक्यामागे येऊन लागेल, म्हणजे समोर बघितलंस तर स्वतःची पाठ दिसेल. कडेपासून फक्त एक टक्का वर थांबलास, तर बाहेर पडायला सरळ वरच्या दिशेभोवती जेमतेम १५ अंशांचा शंकू उरतो. बाकी सगळ्या दिशांचा प्रकाश वाकून आत. आणि जो सुटतो त्याची लहर दहापट ताणलेली. हिरवा कंदील अवरक्त होतो. बाहेरच्याला तो दिसेनासा झालेला असतो.

म्हणजे "गोठलेला दिसेन" यातलं गोठणं बरोबर आणि दिसणं चूक. दोरी सुटून तू पडलास तर बाहेरच्याला कडा ओलांडताना कधीच दिसणार नाहीस, पण तुझा प्रकाश ताणत आणि विझत जाईल. दहा सूर्यांच्या कृष्णविवरात हे मिलिसेकंदाच्या पाचव्या हिश्श्यागणिक पावणेतीनपट या गतीने होतं, डोळ्याचं पातं लवायच्या आत तू गायब. एम८७ इतकं प्रचंड आहे की तिथे तीच पावणेतीनपट व्हायला दीड दिवस लागतो. दहा दिवसांत लहर शेकडो पट ताणली जाईल. (ही पावणेतीन तुझ्या मघाच्या पावणेतीनहून वेगळी हं.)

तुला स्वतःला मात्र कडा ओलांडताना काहीच जाणवणार नाही. एम८७ मध्ये आत गेल्यावर कितीही हातपाय मारलेस तरी मध्यापर्यंत पोचायला २८ तासांपेक्षा जास्त मिळणार नाहीत.

---

सुमनताई

बाळा, नको जाऊस तिकडे.

---

कोथरूडचा_अभियंता

५४ चा मुद्दा मान्य. पण मूळ शंका उरतेच. साडेसहा अब्ज हा आकडा कुठून आला? फोटोवरूनच काढला असेल तर भाच्याचं गणित म्हणजे उत्तर बघून सोडवलेलं उदाहरण झालं.

---

निशाचर

या धाग्यातला हा सगळ्यात चांगला प्रश्न.

फोटोच्या आधी एम८७ चं वस्तुमान दोन रीतींनी काढलेलं होतं आणि दोघांचं पटत नव्हतं. मध्याजवळच्या ताऱ्यांच्या वेगावरून सहा ते साडेसहा अब्ज सूर्य येत. मध्याभोवती फिरणाऱ्या वायूच्या वेगावरून साडेतीन अब्ज. जवळजवळ दुप्पट तफावत, आणि दोन्ही बाजूंना जाणती माणसं.

आता भाच्याच्या रीतीने साडेतीन अब्ज घालून बघा. कडं २२-२३ मायक्रोआर्कसेकंदांचं यायला हवं होतं. तेवढं लहान असतं तर या बशांना ते कडं म्हणून दिसणंही अवघड गेलं असतं, फार तर एक ठिपका. आलं ४२. म्हणजे ताऱ्यांवरून काढलेलं बरोबर ठरलं. वायू तिथे नीट गोल कक्षेत फिरत नसावा, बहुधा म्हणून त्याचा हिशोब कमी आला.

पण तुमचा आक्षेप पूर्ण जात नाही. आइनस्टाइन बरोबर मानून वजन निवडलं, की वजन बरोबर मानून आइनस्टाइन तपासला? एम८७ पुरतं दोन्ही थोडं थोडं आहे. खरी तपासणी हवी असेल तर असं कृष्णविवर हवं ज्याचं वजन आधीच पक्कं आहे.

---

अकरावी_ब

असं आहे ना! आपल्याच आकाशगंगेतलं, धनु राशीतलं. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षं मोजल्यात, एक तारा तर १६ वर्षांत फेरी मारतो. २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यालाच मिळाला. मी आत्ता करून बघितलं. ४३ लाख सूर्य, २७ हजार प्रकाशवर्षं. कडेचा व्यास गुणिले २.६ केलं तर ५३ येतात.

---

निशाचर

मे २०२२ मध्ये त्याचा फोटो आला. कडं सुमारे ५२, दोनेक इकडेतिकडे.

---

टवाळ

अभियंतासाहेब, आता ते तुमच्या भोकाने करून दाखवा.

---

कोथरूडचा_अभियंता

केलं. सरळ रेषेने ६१, वाकवून ७१. ठीक आहे.

पण निरीक्षणं दोघांची एकाच आठवड्यातली ना? मग हा फोटो तीन वर्षं उशिरा का? हे तर दोन हजारपट जवळ आहे.

---

निशाचर

दोघांचीही एप्रिल २०१७ चीच. पण धनु राशीतलं लहान आहे म्हणून चंचल आहे. एम८७ भोवती वायूला फेरी मारायला दिवस ते आठवडे लागतात, रात्रभर निरीक्षण केलं तरी चित्र तेच राहतं. इथे फेरी काही मिनिटांची. एका रात्रीच्या विदेत शेकडो वेगवेगळी चित्रं मिसळलेली. शिवाय मधल्या आकाशगंगेतला वायू प्रतिमा पसरवतो, तो परिणाम काढून टाकावा लागतो. आलेलं चित्र हे हजारो संभाव्य चित्रांची सरासरी आहे. त्यात कड्यावर तीन उजळ ठिपके दिसतात. ते तिथे खरंच आहेत असं मी कोणाला सांगणार नाही.

---

पुराव्यानिशी

हे आधी सांगायला हवं होतं.

---

अकरावी_ब

मग व्यासावर विश्वास ठेवायचा आणि ठिपक्यांवर नाही, हे कसं ठरवतात?

---

निशाचर

त्या हजारो चित्रांचे गट पाडले. बहुतेक सगळ्यांत कडं आहे आणि व्यास तोच आहे. ठिपके मात्र प्रत्येक गटात वेगळ्या जागी जातात. थोडी चित्रं कडं नसलेलीही निघाली, तीही त्यांनी छापली आहेत. मूळ लेख सगळ्यांना खुला आहे, उतरवून घे. पहिल्या वाचनात आकृत्या आणि त्यांच्याखालचा मजकूर तेवढा वाच.

---

नाना_वाईकर

भाचा लेख उतरवतोय आणि माझा डेटा संपवतोय. धागा उघडाच ठेवतो. कृष्णविवर किती वेगाने फिरतं हे या फोटोवरून कळतं का, यावर कोणी लिहिणार असेल तर मी रोज येऊन बघेन.

---

निशाचर

आत्ता तरी नीट कळत नाही. फिरण्याने सावलीत पडणारा फरक मोजणीच्या चुकीएवढाच आहे. ३४५ गिगाहर्ट्झला, म्हणजे आणखी आखूड लहरीवर, या बशांनी पहिले संकेत पकडलेत, त्याची बातमी २०२४ मध्ये आली. त्या लहरीचा पूर्ण फोटो आला की पुन्हा बोलू.